दोन मणी खरे

या फसवणुकीतली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे तिच्यात सराफ खरं बोलतो. त्याचा कसोटीचा दगड, तेजाबाचा थेंब, मिलिग्रॅममध्ये वजन सांगणारा काटा, यातलं काहीच खोटं नसतं. आणि एवढ्या सगळ्या खऱ्याच्या शेवटी एका शहाण्यासुरत्या माणसाच्या हातात अर्धा किलो पितळ उरतं.

‘स्वस्तात सोने देण्याच्या आमिषाने लुटले’ हा मथळा नगर, बीड, सोलापूरकडच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतच असतो. आपण तो वाचतो, ‘लोक तरी कसे भुलतात’ म्हणतो आणि पान उलटतो. मला मात्र त्या बातम्यांतल्या माणसांचं नवल वाटतं. त्यांत व्यापारी असतात, ठेकेदार असतात, नोकरीतून निवृत्त झालेले असतात. दोन पैशांचा व्यवहार चार वेळा पारखून घेणारी ही माणसं. खरं तर पारखून घेणाऱ्यांसाठीच हा सापळा बनवलेला आहे. अगदीच भोळा माणूस अनोळख्याच्या हातात सोनं पाहून घाबरतो आणि ‘नको रे बाबा’ म्हणून घरी जातो.

रस्त्यावरच्या सोन्याच्या फसवणुकीचे प्रकार बरेच आहेत. बसस्टँडवर पायाशी ‘पडलेलं’ बिस्किट आणि त्यासोबत सराफाची पावती, मग ‘अर्धं तुम्ही घ्या, अर्धं मी’ म्हणणारा वाटेकरी आणि शेवटी बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र घेऊन पसार होणं, हा त्यातला एक. तो दहा मिनिटांत संपतो. मला सांगायचंय ते खोदकामात सापडलेल्या माळेबद्दल. तिला कधी आठवडा लागतो, कधी महिनाही, आणि तिची रचना पाहिली की रचणाऱ्याच्या डोक्याला, दात-ओठ खात का होईना, दाद द्यावी लागते.

अशा गुन्ह्यांचा जो ठरलेला साचा आहे, त्यावरून नमुन्यादाखल एक किराणा दुकानदार घेऊ. त्याच्या दुकानात एक माणूस बिडीबंडल घ्यायला येतो. अंगावर मातीनं माखलेला सदरा, सोबत कडेवर पोर घेतलेली बाई. पैसे देताना तो खिशातून व्हिक्टोरिया राणीचं चांदीचं नाणं काढतो. “शेठ, हे चालंल का? ह्याचं काय येईल बघा की.” नाणं खरं असतं. दुकानदार विचारतो, कुठून आणलंस? माणूस गप्प बसतो, बाई त्याला दटावते, आणि दोघं निघून जातात. दोन दिवसांनी तो परत येतो आणि या वेळी हळूच सांगतो. पुलाच्या पायाचं काम चालू आहे, खणताना हंडा लागला, मुकादमाला माहीत नाही. हंड्यात नाणी होती आणि ‘हे’ होतं.

‘हे’ म्हणजे फडक्यात गुंडाळलेली पिवळ्या मण्यांची दहापदरी माळ. मणी बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढे. तो कात्रीनं दोरा तोडतो, दोन मणी काढतो आणि दुकानदाराच्या तळहातावर ठेवतो. “तुमच्या सोनाराला दाखवा. खोटं निघालं तर आमचं तोंड बघू नका.” पैसे मागत नाही. मणी ठेवून जातो.

दुकानदार आपल्या नेहमीच्या सराफाकडे जातो. सराफ काळ्या कसोटीवर मणी घासतो. पिवळी रेघ उठते. तिच्यावर तो नायट्रिक आम्लाचा थेंब सोडतो, आपल्याकडे ज्याला तेजाब म्हणतात ते. रेघ पितळेची असती तर तांबं आणि जस्त दोन्ही त्या थेंबात विरघळून रेघ डोळ्यांदेखत पुसली गेली असती. नायट्रिक आम्ल एकटं सोन्याला काही करू शकत नाही, त्यामुळे ही रेघ तशीच राहते. “बावीस कॅरेटच्या आसपास आहे. एक ग्रॅम दोनशेच्या आतबाहेर.” हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि त्या क्षणी दुकानदार हरलेला आहे.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि ती बरोबरही येते. कारण एका पातेल्यातला सगळा तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो, आणि शीत आपण आपल्या हातानं, हवं तिथून उचलतो. माळेच्या बाबतीत यातली एकही अट पूर्ण झालेली नाही. मणी कुणी निवडले? विकणाऱ्यानं. ते माळेतलेच होते हे कशावरून? त्यानं कात्री चालवली म्हणून. माळेत ठरावीक जागी चार-सहा खरे मणी ओवलेले असतात, किंवा खरे मणी आधीच मुठीत असतात आणि दोरा तुटून मणी घरंगळण्याच्या गडबडीत बदलले जातात. सराफानं तपासले ते दोन मणी. माळ त्यानं पाहिलेलीसुद्धा नाही. पण दुकानदाराच्या डोक्यात आता ‘माळ तपासून झाली’ अशी नोंद पडलेली असते. एखाद्यानं त्याला शंका बोलून दाखवली, तर तो ठासून सांगतो, “मी स्वतः सोनाराकडून खात्री करून घेतलीय.”

आता याचा खर्च बघा. सोन्याचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी तोळ्याला, म्हणजे दहा ग्रॅमला, एक लाख धरू. ते दोन खरे मणी बारा हजारांच्या आसपास पडले. अर्ध्या किलोच्या माळेतलं पितळ काही शे रुपयांचं. वरच्या मुलाम्याला किती सोनं लागत असेल? हा हिशेब मी मांडून पाहिला आणि चकित झालो. चार मिलिमीटर व्यासाचा भरीव पितळी मणी साधारण ०.२८ ग्रॅमचा होतो. अर्ध्या किलोत असे सुमारे १,७५० मणी बसतात, म्हणजे दहा पदरांत पदरी १७५. या सगळ्यांचं पृष्ठफळ मिळून नऊशे चौरस सेंटिमीटरच्याही आत भरतं. मुलामा मिलिमीटरचा दहा हजारावा भाग एवढा जाड दिला, तरी डोळ्याला अस्सल सोनंच दिसतं, आणि त्याला लागतं ०.१७ ग्रॅम सोनं. जुन्या मापात सांगायचं तर दीड गुंजेच्या आत. पन्नास तोळ्यांचा भास दीड गुंजेत उभा राहतो, कारण सोन्याइतका पातळ पसरणारा दुसरा धातू नाही. आपल्या देवळांचे कळस आणि मिठाईवरचा सोन्याचा वर्ख याच गुणावर चालतात. ठग त्या गुणाचं आणखी एक गिऱ्हाईक.

सराफाच्या दाखल्यानंतर खरी कारागिरी सुरू होते, ती गोष्टीची. इतकं स्वस्त का? कारण आम्हाला भाव कळत नाही. पावती का नाही? जमिनीतून निघालंय. शिक्का का नाही? जुनं आहे. तुम्हीच थेट सराफाला का विकत नाही? आमच्यासारख्याला बघून तो पोलिसांना बोलावेल. कुणाला सांगायचं का नाही? सरकार घेऊन जाईल. घाई कशाची? काम संपलं, ठेकेदार दुसरीकडे नेतोय. दुकानदाराच्या मनात येऊ शकणाऱ्या प्रत्येक शंकेचं उत्तर गोष्टीत आधीच पेरून ठेवलेलं असतं. एरवी जी लक्षणं खोट्या मालाची म्हणून आपण ओळखतो, तीच इथं गोष्ट खरी असल्याचा पुरावा होऊन बसतात. अशी गोष्ट कथालेखकाला जमली तर त्याचं नाव होईल.

आणि ती हवेतली नाही, हेही सांगायला हवं. मार्च २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २१६ सोन्याची नाणी जप्त केली होती. चिखली भागातल्या बांधकामाच्या मातीत ती मिळाली होती आणि ज्यांना मिळाली त्यांनी ती गुपचूप घरात ठेवली होती. नाणी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, मुघल बादशहा मुहम्मद शाहच्या काळाच्या आसपासची, आणि वजन २ किलो ३५७ ग्रॅम. भागाकार केला की एकेक नाणं १०.९ ग्रॅमचं निघतं, म्हणजे मुघल मोहरेचं जे वजन असायचं बरोबर तेच. मजुरांना खणताना सोनं सापडणं, त्यांनी ते लपवणं, सरकारची भीती बाळगणं, यातलं सगळं महाराष्ट्रात खरोखर घडलेलं आहे. ठगानं गोष्ट उसनी घेतली ती खऱ्या घटनांमधून. माल तेवढा पितळेचा आणला.

‘सरकार घेऊन जाईल’ या वाक्याची मात्र झाडाझडती घ्यायलाच हवी, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. गुप्तधनाबद्दलचा आपला कायदा १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. मग नोटीस निघते, कुणी मालक पुढे येतो का ते पाहिलं जातं. कुणी आलं नाही आणि धन बेवारस ठरलं, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश, अशी वाटणी त्या कायद्यात आहे. सरकारला ते ठेवून घ्यायचंच असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त मोजून घ्यायचं. कळवलं नाही तर मात्र वाटा जातो आणि वर कैद किंवा दंड. म्हणजे मजुराला खरोखर अर्धा किलो सोनं सापडलं असेल, तर किराणा दुकानदाराला दशांश किमतीत विकण्यापेक्षा जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढणं त्याला कितीतरी फायद्याचं आहे. वाट बघावी लागेल, कागदपत्रं होतील, हे मान्य. पण हा कायदा कुणी वाचत नाही, आणि त्या न वाचण्यावरच माळ विकली जाते.

भाव ठरतो. दहा लाखांपासून सुरुवात होते, रडारड होते, पोर आजारी असतं, आणि तीन लाखांवर सौदा पटतो. बाजारभावानं माळ पन्नास लाखांची. दुकानदार घासाघीस करतो हेही ठगाच्या सोयीचंच असतं, कारण घासाघीस करताना माणूस भावाचा विचार करतो, मालाचा करत नाही. मग एखाद्या गजबजलेल्या स्टँडवर भल्या सकाळी भेट. पिशवी शिवलेली. “इथं उघडू नका शेठ, लोक बघत्यात.” पैसे मोजायलाही ते थांबत नाहीत. दुकानदाराला हा त्यांचा साधेपणा वाटतो.

आता या सगळ्यातला सर्वांत गमतीचा भाग. दुकानदाराला फसवणूक ओळखायला लागणारं सामान त्याच्या गल्ल्याशेजारीच होतं: वजनकाटा आणि बोटं. सराफानं सांगितलं होतं, दोन मण्यांचं वजन एक ग्रॅम दोनशे, म्हणजे एक मणी ०.६ ग्रॅम. माळेत दहा पदर, पदरी १७५ मणी. माळ खरोखर त्याच सोन्याची असती तर तिचं वजन एक किलोच्या वर भरायला हवं होतं. काटा अर्धा किलोच दाखवत होता. निम्मं वजन गेलं कुठं? कुठंच नाही. बावीस कॅरेट सोन्याचा एक घनसेंटिमीटर साडेसतरा-अठरा ग्रॅमचा असतो, पितळेचा साडेआठचा. एकाच आकाराचे मणी, पण पितळेचा निम्म्याहूनही हलका. ठगानं सराफाला दिलेला खरा मणीच त्याची माळ खोटी पाडत होता, फक्त गुणाकार कुणी केला नाही.

दुसरी कसोटी घरी करून बघण्यासारखी आहे, आणि आपल्या स्वतःच्या दागिन्यावर केली तरी मजा येते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्यानं भरलेलं भांडं ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्यानं धरून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो ग्रॅममध्ये दिसला तरी तेच त्या वस्तूचं घनफळ, घनसेंटिमीटरमध्ये. वस्तूनं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन तेवढं भरतं. तत्त्व आर्किमिडीजचंच आहे. अर्ध्या किलोची भरीव सोन्याची माळ बुडवली तर काटा २८ च्या आसपास थांबेल. पितळेची असेल तर ५९ पर्यंत जाईल. एवढा फरक साध्या काट्यालाही लपवता येत नाही. माळ बुडवताना हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, म्हणून ती पाण्यात दोन-तीनदा हलवून घ्यावी.

या कसोटीला मर्यादा आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. आपल्या बोरमाळेसारख्या दागिन्यांचे मणी अनेकदा पोकळ असतात, आत लाख भरलेली असते. असा खराखुरा दागिना पाण्यात घातला तर तो पितळेपेक्षाही हलका निघेल आणि घरात उगीच भांडण लागेल. उलट टंगस्टन नावाचा धातू सोन्याइतकाच जड आहे, घनतेत दोघांमध्ये शंभरात एकाचाही फरक नाही. सोन्याच्या विटेत टंगस्टन भरण्याचे प्रकार जगात झालेले आहेत आणि तिथं पाणी हात टेकतं. पण टंगस्टन अतिशय कठीण, वितळायला तीन हजार चारशे अंशांवर न्यावं लागणारा धातू. रस्त्यावरच्या माळेवर कुणी एवढी मेहनत घेत नाही. लोहचुंबकाची चाचणी मात्र विसराच. पितळ आणि तांबं चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे ‘चुंबक लावून बघितला’ या वाक्याला काडीची किंमत नाही.

काटा-पाणी काहीच हाताशी नसेल तर नुसती नजरही बरंच सांगते. शेकडो वर्षं मातीत पडलेल्या माळेचा सुती दोरा कुजून गेलेला असायला हवा. मिळतील ते सुटे मणी. दोरा मागाहून ओवला असं सांगता येतं, पण मग तो नवा असणार, आणि मातीत बरबटवलेला नवा दोरा कशासाठी? जुने मणी सोनारानं हातानं घडवलेले असतात. थोडे लहानमोठे, जोड दिसणारे. यंत्रातून निघालेले १,७५० मणी सगळे सारखे असतात. आणि माती सोन्याला धरत नाही. सोनं तीनशे वर्षांनी निघालं तरी पुसलं की लखलखतं. खरा पुरलेला ऐवज अनेकदा हिरवा-काळा पडलेल्या तांब्या-कांस्याच्या भांड्यात असतो आणि आतलं सोनं स्वच्छ असतं. माळेवरची माती बहुधा त्याच सकाळची असते.

पण एवढ्या कसोट्या सांगून झाल्यावर एक सांगायलाच हवं. माळ खरी ठरली तरी व्यवहार खरा ठरत नाही. तपासलेली माळ आणि शिवलेल्या पिशवीतली माळ एकच असेल असं कुठं आहे? ठग हुशार असेल तर तो अख्खी खरी माळ दाखवेल आणि देताना बदलेल. आणि अलीकडच्या बातम्यांत दिसणारा प्रकार याहून वाईट आहे. गिऱ्हाइकाला रोकड घेऊन आडरानात, एखाद्या माळावर किंवा शेतात बोलावतात. तिथं माळ नसतेच, दबा धरून बसलेली माणसं असतात. दोन खरे मणी तिथंही तेच काम करतात, फक्त शेवटी पितळसुद्धा मिळत नाही आणि जीव वाचला तरी पुष्कळ म्हणायची वेळ येते.

हे सगळं आपल्याच मातीत उगवलंय असंही नाही. लंडनच्या रस्त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली पितळी अंगठी पाडायची, सावजाच्या समोर ती उचलायची आणि त्याला ‘स्वस्तात’ विकायची, ही युक्ती फ्रान्सिस ग्रोजच्या गावठी इंग्रजीच्या कोशात, १८११ च्या आवृत्तीत, रीतसर नोंदलेली आहे. पॅरिसमध्ये पर्यटकांना आजही तशीच अंगठी ‘सापडते’. आपल्याकडची माळ तिच्या पुढची पायरी आहे. अंगठीवाला तपासू देत नाही आणि घाईत उरकतो. माळवाला आपणहून सराफाकडे पाठवतो.

फसलेला माणूस पुढे काय करतो? बहुतेकदा काहीच नाही. तक्रार करायची तर सांगावं लागतं, की गरिबाला सापडलेलं पन्नास लाखांचं सोनं आपण तीन लाखांत लाटत होतो. घरी सांगायची लाज, शेजाऱ्यांना सांगायची लाज. ठगाची सगळ्यात भक्कम ढाल हीच आहे, आणि ती फिर्यादीच त्याच्या हातात देतो. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: लाज गिळा आणि पोलीस ठाण्यात जा. फसवणुकीचं जुनं ४२० कलम १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झालं असलं, तरी भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात त्याच गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतची कैद आहे. सौदा अजून व्हायचा असेल, ‘उद्या सकाळी या’ असा निरोप आला असेल, तर पैसे काढायच्या आधी ११२ ला फोन करा, कारण तेव्हाच टोळी हाती लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. आणि गेलात तर माळ, पिशवी, फोन नंबर यांच्याबरोबर ते दोन खरे मणीही न्या. ते मोडून टाकले असतील तर सराफाची पावती न्या. मुद्देमालात पितळेइतकंच त्या सव्वा ग्रॅम सोन्यालाही महत्त्व आहे.